दुकानाच्या एसीत ७९, परभणीत किती?

मांडणीतला लॅपटॉप दुकानात कधी दमलेला दिसत नाही. दिवसभर त्यावर कंपनीचा तोच रंगीबेरंगी व्हिडिओ फिरत असतो, डोक्यावर एसी चालू असतो आणि गिऱ्हाईक चार कळा दाबून, झाकण उघडझाक करून पुढच्या टेबलाकडं सरकतं. एवढ्यावर सत्तर-ऐंशी हजारांचा सौदा ठरतो. मी परभणीच्या एका कॉलेजात संगणकाची लॅब सांभाळतो. मे महिन्यात दुपारी लॅबमधली मशीनं कशी रडतात ते मला रोज दिसतं. म्हणून भाच्यानं गेमिंग लॅपटॉपचा विषय काढला तेव्हा त्याला एकच अट घातली: दुकानात उभं राहून मशीन घाम फुटेपर्यंत पळवायची, मगच पैसे मोजायचे.

भाचा अभियांत्रिकीला. त्याला थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर चालवायचं होतं. खेळही चालवायचे होते, पण ते त्यानं आईला सांगितलं नव्हतं. छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानात दोन मॉडेल त्याच्या नजरेत भरली होती. दोन्हींत तेराव्या पिढीचा आय-५ १३४२०एच प्रोसेसर, दोन्हींत आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स, दोन्हींत १६ जीबी रॅम. एक काळा, पातळ, दिसायला देखणा. दुसरा राखाडी, जाडजूड आणि पाचेक हजारांनी महाग. कागदावरची माहिती शेजारी शेजारी ठेवली तर जास्तीचे पाच हजार कशाचे ते कुणालाच सांगता येणार नाही. सेल्समनलाही आलं नाही. "बॉडी मजबूत आहे दादा," एवढंच तो म्हणाला.

खरा फरक कागदावर बारीक अक्षरात असतो, किंवा नसतोच. आरटीएक्स ४०५० हे नाव एकच, पण लॅपटॉप बनवणारी कंपनी त्या चिपला ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज देऊ शकते. पातळ मशीनमध्ये पंखे लहान, उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या कमी, त्यामुळं तिथं वॅटही कमी दिलेले असतात. किंवा त्याहून वाईट म्हणजे कागदावर भरपूर दिलेले असतात, पण दहा मिनिटांनी गरम झाल्यावर मशीन स्वतःच ते कमी करून घेते. हे व्हिडिओ बघून किंवा कळा दाबून कळत नाही. त्याला वेळ द्यावा लागतो आणि आकडे बघावे लागतात.

आम्ही मुद्दाम आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी गेलो. रविवारी संध्याकाळी कुठलाही दुकानदार एका टेबलावर तुम्हाला तास-दीड तास उभं राहू देणार नाही, आणि त्याचं चुकतही नाही. फोन करून आधी विचारलं होतं. शेठ 'या' म्हणाले, पण पेनड्राइव्ह काढल्यावर काउंटरवरचा पोरगा दचकला.

"हे काय टाकायलात मशीनमध्ये? व्हायरस-बियरस आला तर?"

ही शंका रास्त आहे. मी त्यालाच विंडोज सिक्युरिटीतून पेनड्राइव्ह स्कॅन करायला लावला, आत काय आहे ते उघडून दाखवलं आणि जाताना सगळं पुसून देईन असं सांगितलं. आत तीनच गोष्टी होत्या. सिनेबेंच आर२३, जो झिप उलगडली की इन्स्टॉल न करता चालतो. तापमान आणि वॅट दाखवणारा HWiNFO64, त्याचीही पोर्टेबल प्रत. आणि itch.io वरून घरीच उतरवून ठेवलेला, अनरियल इंजिनवर बनवलेला एक फुकट डेमो खेळ, ज्यात दाट झाडीतून नुसतं फिरायचं असतं. मोठ्या खेळांचे डेमो स्टीमवर मिळतात, पण त्यासाठी खात्यात लॉगिन करा, दुकानाच्या वायफायवर पाच-दहा जीबी उतरवा, हा व्याप दुकानात झेपत नाही. याशिवाय खिशात एक छोटं डिजिटल थर्मामीटर होतं, खोलीचं तापमान दाखवणारं, दोन-तीनशे रुपयांना मिळतं ते. ते कशाला, हे पुढं येईल.

मशीनला हात लावायच्या आधी ती ठेवलीय कशी हे बघायचं. काळा लॅपटॉप मागं उंच असलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या स्टँडवर होता. त्यानं खालून हवा मोकळी मिळते, जी भाच्याच्या टेबलावर मिळणार नव्हती. राखाडीचं उलट: तो सपाट होता, पण त्याची गरम हवा बाहेर पडायची मागची जाळी फळीच्या भिंतीला चिकटली होती. दोन्ही मशीनं आम्ही काउंटरच्या रिकाम्या भागात सपाट आणून ठेवल्या, मागं हातभर जागा सोडून. एसीचा झोत थेट अंगावर येणार नाही अशी जागा निवडली. थर्मामीटर मशीनच्या शेजारी, पण गरम हवेच्या वाटेत नाही असा ठेवला. एसीवर २२ लिहिलं होतं, थर्मामीटरनं काउंटरवर २४ दाखवले. धरायचे ते काउंटरवरचे.

पॉवर मोड 'Best performance' वर नेला, कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्येही सगळ्यात वरचा मोड निवडला, फिरणारा व्हिडिओ बंद केला. मग टास्क मॅनेजर उघडून नुसतं बघत बसलो. मांडणीतली मशीन बऱ्याच वेळानं नेटला जोडली की मागच्या दारानं विंडोज अपडेट सुरू होतो आणि तुमचे आकडे त्यात वाहून जातात. प्रोसेसरचा वापर पाच टक्क्यांच्या आत स्थिरावेपर्यंत काहीही चालवायचं नाही.

HWiNFO64 उघडताना 'Sensors-only' वर खूण करायची, नाहीतर माहितीच्या खिडक्यांचा ढीग येतो. शेकडो ओळींपैकी आम्ही मोजक्याच बघितल्या: प्रोसेसरचं तापमान, त्याची वीज म्हणजे 'CPU Package Power', ग्राफिक्सचं तापमान आणि ग्राफिक्सची वीज. सोबत प्रोसेसर गरम झाल्यामुळं वेग कमी करतोय का ते हो-नाहीत सांगणारी 'Core Thermal Throttling' ही ओळ. खाली घड्याळाचं चिन्ह असतं, ते दाबलं की कमाल-किमान आकडे पुन्हा शून्यापासून मोजले जातात. प्रत्येक चाचणीआधी ते दाबायचं.

हा प्रोग्राम अ‍ॅडमिनची परवानगी मागतो. काळ्यावर ती मिळाली. राखाडीवर दुकानाचं मर्यादित खातं होतं आणि पासवर्ड काउंटरच्या पोराला माहीत नव्हता. शेठ येईपर्यंत आम्ही ग्राफिक्सचे आकडे दुसऱ्या वाटेनं बघितले. एनव्हिडियाचा ड्रायव्हर असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाईप केलं की दर दोन सेकंदांना तापमान, वीज आणि वेग छापत राहतो. अ‍ॅडमिन लागत नाही, काही इन्स्टॉल करावं लागत नाही:

```
nvidia-smi --query-gpu=temperature.gpu,power.draw,clocks.sm --format=csv -l 2
```

आणि चिप किती तापमानाला स्वतःला आवरते हे बघायचं असेल तर:

```
nvidia-smi -q -d TEMPERATURE
```

यात 'GPU Target Temperature' अशी ओळ येते. दोन्ही मशीनवर ती ८७ होती. म्हणजे ८७ अंशांपर्यंत चिप आपल्या वेगानं पळणार, आणि त्याच्या वर जायची वेळ आली की वीज कमी घेऊन तापमान तिथंच धरून ठेवणार. हा आकडा लिहून ठेवा, पुढचं सगळं गणित त्याच्यावर आहे.

पहिली चाचणी सिनेबेंचची. तो एक चित्र प्रोसेसरच्या सगळ्या गाभ्यांवर रंगवतो आणि गुण देतो. आर२३ मध्ये ग्राफिक्सचा संबंध नाही, फक्त प्रोसेसर. File मेनूत 'Advanced benchmark' चालू केलं की किमान वेळ निवडता येते. आधी ती 'Off' करून चित्र एकदाच रंगवायला लावायचं, मग 'Test Throttling' म्हणजे १० मिनिटांची पूर्ण चाचणी. लोक दुकानात पहिलीच करतात आणि खूश होतात.

काळ्यानं एका फेरीत १२,१०० गुण दिले, राखाडीनं १२,३००. सेल्समननं लगेच म्हटलं, "बघा, सारखेच आहेत की दोन्ही." दहा मिनिटांनी काळा १०,३०० वर आला होता. राखाडी ११,७०० वर. पहिला १५ टक्के घसरला, दुसरा ५ टक्के.

थोडी घसरण प्रत्येक लॅपटॉपमध्ये होणारच. १३४२०एच ला इंटेलनं ४५ वॅट ही पायाभूत आणि ९५ वॅट ही कमाल वीज ठरवून दिली आहे. सुरुवातीचा थोडा वेळ तो वरच्या आकड्याच्या आसपास पळतो आणि मग कंपनीनं ठरवलेल्या खालच्या आकड्यावर येतो. म्हणून घसरण दिसली की ती कशामुळं ते विचारायचं. काळा शेवटी बरोबर ४५ वॅटवर बसला होता आणि तेव्हा त्याचं तापमान ८० च्या आत होतं. 'Core Thermal Throttling' समोर सुरुवातीला क्षणभर 'Yes' उमटलं, पण चालू आकड्यांच्या रकान्यात 'No'. म्हणजे तो गरम होऊन थकला नव्हता, कंपनीनंच त्याला ४५ वर बांधून ठेवलं होतं. राखाडी ६० वर चालत होता. ही काळ्याची तक्रार नाही, ती त्याची जात आहे. सुरुवातीला प्रोसेसर १०० अंशांना टेकलेला बघून भाचा घाबरला होता. या चिपची मर्यादा १०० आहे आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात ती तिथवर जाऊन येणं नेहमीचंच. शेवटच्या दोन मिनिटांत काय चाललंय ते बघायचं.

आता खेळ. डेमो पहिल्यांदा उघडताना 'UE Prerequisites' नावाची एक गोष्ट इन्स्टॉल करायला मागतो, तिलाही अ‍ॅडमिन लागतो. पण तोवर शेठ आले होते. खेळात शिरल्यावर सेटिंगमध्ये व्हीसिंक बंद आणि फ्रेमची मर्यादा बंद. हे केलं नाही तर खेळ सेकंदाला ६० चित्रांवर, म्हणजे ६० फ्रेमवर, अडून राहू शकतो, ग्राफिक्स पूर्ण ताकद न लावता आरामात चालतं आणि तापमान बघून वाटतं की वा, काय मशीन आहे. टास्क मॅनेजरमध्ये एनव्हिडियाच्या ओळीसमोर ९५ टक्क्यांच्या वर वापर दिसला पाहिजे. तिथं शून्य आणि इंटेलच्या ओळीसमोर शंभर दिसत असेल तर खेळ चुकीच्या ग्राफिक्सवर चाललाय; विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन त्या खेळाला 'High performance' द्यायचं.

फिरत फिरत चाचणी करायची नाही. एका ठराविक झाडाखाली जाऊन, एका ठराविक दिशेला तोंड करून उभं राहायचं आणि २० मिनिटं हात लावायचा नाही. दृश्य बदललं की फ्रेम बदलतात, मग घसरण मशीनची की दृश्याची ते कळत नाही. वीस मिनिटं यासाठी, की तांबं, पंखा, खालचं पत्र्याचं आवरण हे सगळं तापून स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतोच. पाच मिनिटांत चिप गरम होते, मशीन नाही.

काळ्यावर आधी चालवलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, ग्राफिक्स ६६ अंशांवर शांत. पंख्याचा आवाजही फार नाही. सेल्समनचा चेहरा खुलला. "सांगितलं होतं ना, एकदम थंड मशीन आहे."

पण वीज ४५ वॅट दाखवत होती आणि वापर ९८ टक्के. वापर पूर्ण आहे, तापमान कमी आहे, तरी वीज कमी घेतोय, याचा अर्थ त्याला मिळतच नाही. भाच्याला म्हटलं, चार्जर उलटा करून बघ. मांडणीच्या टेबलावर सगळ्या मशीनच्या वायरी एकाच बोर्डात गुंतलेल्या असतात, आणि एकाच कंपनीच्या लहान-मोठ्या मॉडेलांची पिन सारखी असली की कुठल्या मशीनला कुठला चार्जर लागलाय याचा कुणालाच पत्ता नसतो. लेबलवर लिहिलं होतं १९.५ व्होल्ट, ६.१५ अँपिअर. गुणाकार केला की १२० वॅट. काळ्याच्या खोक्यावर १८० वॅटचा चार्जर लिहिलेला. कमी वॅटचा चार्जर ओळखला की लॅपटॉप स्वतःच ग्राफिक्सचा हात आखडता घेतो. बऱ्याचदा सुरू होताना तसा संदेशही देतो, पण मांडणीतली मशीन आपल्यासमोर सुरू होतच नाही, ती सकाळपासून चालूच असते.

शेठनी आतून खरा चार्जर मागवला. १५ मिनिटं मशीन नुसती निवू दिली आणि पुन्हा तेच झाड, तीच दिशा. आता खरा काळा दिसायला लागला. सुरुवातीला ९२ वॅट, ७१ फ्रेम. आठव्या मिनिटाला ग्राफिक्स ८६ वर, मग ८७. तिथून तापमान हललं नाही, वीज मात्र हळूहळू उतरत गेली. वीस मिनिटांनी ७४ वॅट, ६० फ्रेम, तापमान ८७ च. नुसतं तापमान बघणाऱ्याला शेवटची बारा मिनिटं काहीच घडलं नाही असं वाटलं असतं. कसला संदेश नाही, लाल दिवा नाही. चिप आपली वीज सोडत जाते आणि तापमानाचा आकडा जिथल्या तिथं राहतो. म्हणून तापमानाच्या शेजारी वॅट ठेवल्याशिवाय ही चाचणी वाचताच येत नाही.

मी तळहात कीबोर्डवर ठेवला. वरची कळांची ओळ चटका देत होती. डावीकडं W, A, S, D च्या कळा कोमट होत्या, म्हणजे खेळताना बोटांना त्रास नाही. हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगत नाही. पंख्याच्या आवाजाचं मात्र दुकानात काही खरं नसतं, शेजारी दुसरं गिऱ्हाईक स्पीकर वाजवून बघत होतं.

राखाडीची वीस मिनिटं कंटाळवाणी गेली. ९५ वॅटवर सुरू झाला, ९५ वरच संपला. तापमान ७९. फ्रेम ७३ वरून ७२.

इथं दुकानातल्या आकड्यांनुसार निकाल सरळ होता: ७४ वॅट विरुद्ध ९५. पण भाचा सुट्टीत परभणीला असतो. स्लॅबच्या घरात मे महिन्याच्या दुपारी, कूलर बंद असेल तर, खोलीत ३८ अंश मी स्वतः मोजलेले आहेत. दुकानात २४ होते. मशीन खोलीपेक्षा किती वर चढते हे तिच्या अंगचं असतं. खोली तापली की सगळा आकडा तेवढाच वर सरकतो. म्हणून मी बिलाच्या पाठीमागं हिशेब मांडला.

राखाडी ९५ वॅटला खोलीपेक्षा ५५ अंश वर चढला, ७९ वजा २४. म्हणजे एका वॅटमागं साधारण ०.५८ अंश. काळा ७४ वॅटला ६३ अंश वर चढला, ८७ वजा २४. एका वॅटमागं ०.८५. आता घरी खोली ३८ आणि चिपची मर्यादा ८७, म्हणजे चढायला जागा फक्त ४९ अंश. ४९ ला ०.५८ नं भागलं की राखाडीला साधारण ८५ वॅट मिळतील. ४९ ला ०.८५ नं भागलं की काळ्याला ५८.

भाचा बराच वेळ कागदाकडं बघत होता. "म्हणजे मामा, हा दुकानात ७९ दाखवणारा पण घरी ८७ ला टेकणारच?"

टेकणारच. ७९ मध्ये खोलीतली १४ अंशांची वाढ घातली की ९३ होतात, आणि ९३ ला चिप जाणार नाही, त्याआधीच वीज सोडेल. उन्हाळ्यात दोन्ही मशीनं दमणार. फक्त एक ९५ वरून ८५ वर येते, दुसरी ९२ च्या बोलीवरून ५८ वर. काळा दुकानात राखाडीच्या पाऊणपट वीज खेचत होता, घरी तो दोन-तृतीयांशावर येतो. पाच हजार कशाचे, याचं उत्तर सेल्समनच्या 'बॉडी'त नव्हतं, त्या ०.५८ आणि ०.८५ मध्ये होतं.

हा हिशेब ढोबळ आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्सच्या नळ्या बहुतेक लॅपटॉपमध्ये एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळं खेळ प्रोसेसरला जास्त राबवणारा असेल तर ग्राफिक्सच्या वाट्याला थंडावा कमी येतो. आणि हे गणित पंखे दोन्ही ठिकाणी सारख्याच वेगानं फिरतात असं धरून चालतं. म्हणूनच चाचणी वरच्या मोडमध्ये करायची, जिथं पंखे आधीच शिगेला असतात. मधल्या मोडमध्ये केली असती तर घरच्या उकाड्यात पंखे आणखी वाढले असते आणि भागाकार खोटा ठरला असता. धूळही यात धरलेली नाही. आमच्याकडं उन्हाळ्यात जाळ्या दोन महिन्यांत बुजतात. तरी दोन मशीनं शेजारी शेजारी तोलायला हा आकडा पुरतो, कारण चूक दोन्हीकडं सारखीच पडते.

शेठना काळा खपवायचा होता असं नाही, पण त्यांनी एक वाजवी प्रस्ताव ठेवला: मांडणीतलाच राखाडी घ्या, तीन हजार कमी करतो. मी कमांड प्रॉम्प्टमध्ये `powercfg /batteryreport` टाईप केलं. हा एक पान बनवतो, त्यात बॅटरी कारखान्यातून निघताना किती क्षमतेची होती आणि आता पूर्ण भरल्यावर किती धरते हे दोन आकडे असतात. राखाडीची बॅटरी ९१ टक्क्यांवर आली होती. दिवसभर चार्जरला लावून, शंभर टक्के भरलेली, फळीवर गरम होत राहिलेली बॅटरी अशी झिजते. वर वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू झालीय हा प्रश्न निराळाच. शेठनी सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघू दिला आणि तारीख काही महिन्यांपूर्वीची निघाली. तीन हजारांसाठी ते परवडणारं नव्हतं. बंद खोकं मागितलं.

पण मग आपण तासभर तपासली ती मशीन दुसरी आणि घरी नेतोय ती दुसरी. मांडणीतली मशीन मॉडेलबद्दल सांगते: पंखे किती, नळ्या किती, कंपनीनं वीज किती दिलीय. कारखान्यात चिपवरची थर्मल पेस्ट एखाद्या मशीनमध्ये नीट पसरली नाही, हे ती सांगू शकत नाही. म्हणून खोकं दुकानातच फोडलं, भाच्यानं मोबाइलवर चित्रण करत. खोक्यावरचा, बिलावरचा आणि मशीनच्या पोटावरचा सीरियल नंबर एकच आहे हे बघितलं. विंडोजची पहिली मांडणी होईपर्यंत चहा झाला. बॅटरीचे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले.

मग नव्या मशीनवर तेच झाड, तीच दिशा, पण यावेळी १० मिनिटंच. आता आपल्याकडं तुलनेला मांडणीतल्या मशीनचे आकडे होते: दहाव्या मिनिटाला तिचं ग्राफिक्स ७८ वर होतं, ९५ वॅटला. नवी ७७ वर, ९५ वॅटला. दोन-तीन अंशांचा फरक मी सोडून दिला असता. सात-आठ अंश जास्त आले असते, किंवा प्रोसेसरचा एकच गाभा बाकीच्यांपेक्षा पंधरा-वीस अंश वर दिसला असता, तर तिथंच दुसरं खोकं मागितलं असतं. एकदा घरी नेल्यावर 'गरम होते' एवढ्या तक्रारीवर कुणी मशीन बदलून देत नाही. सर्व्हिस सेंटरवाले त्यांच्या एसीत लावून दाखवतात की ठीक आहे.

पैसे द्यायच्या आधी दोन्ही मांडणीतल्या मशीनांवरून आमच्या फायली काढल्या, रीसायकल बिन रिकामा केला, पॉवर मोड पहिल्यासारखा केला आणि तो रंगीबेरंगी व्हिडिओ परत चालू करून दिला. काळ्याला १८० चा चार्जरच लावून ठेवा, असं पोराला सांगितलं. त्यानं मान हलवली आणि १२० चा शोधून कुठल्या मशीनचा आहे ते बघायला टेबलाखाली शिरला.